पॉवर प्रेसवरील सुरक्षा परिपत्रक: फलकावरच्या ओळींचा सोप्या भाषेत अर्थ

चाकण, भोसरी, वाळूज किंवा सातपूर येथील जवळपास कोणत्याही प्रेस शॉपमध्ये दाराजवळच्या फलकावर सुरक्षेचे एक परिपत्रक लावलेले असते आणि त्यात बहुधा अशी एक ओळ असते: "यंत्र चालू असताना ऑपरेटरने धोक्याच्या क्षेत्रात हात घालू नये." ही ओळ चुकीची नाही, पण ती वाचून कामगाराच्या हाती फारसे काही लागत नाही. धोक्याचे क्षेत्र नेमके कुठून सुरू होते, यंत्र चालू आहे असे कधी समजायचे, आणि डायमध्ये, म्हणजे पत्र्याला आकार देणाऱ्या साच्यात, ब्लँक म्हणजे कापलेल्या पत्र्याचा तुकडा ठेवण्यासाठी ज्याला दिवसभर हात आतच न्यावा लागतो त्याने ही ओळ पाळायची कशी, हे त्यात सांगितलेले नसते. म्हणून या लेखात फक्त मेकॅनिकल पॉवर प्रेस हे एकच यंत्र घेतले आहे. पत्रा कापणाऱ्या, वाकवणाऱ्या आणि भोक पाडणाऱ्या या यंत्रावर बोटे जाण्याचे अपघात वर्षानुवर्षे होत आले आहेत आणि ते का होतात हेही पूर्णपणे माहीत आहे.

आधी यंत्र कसे चालते ते पाहू

प्रेसच्या बाजूला किंवा मागे जे मोठे जड चाक फिरताना दिसते ते फ्लायव्हील होय. मोटर पट्ट्याच्या साहाय्याने ते सतत फिरवत ठेवते आणि त्या वजनदार चाकात जोर साठत जातो. पत्र्यावर फटका मारणारा, वर-खाली होणारा भाग म्हणजे रॅम. तो मात्र वर स्थिर असतो, कारण फ्लायव्हील आणि रॅमला हलवणारा क्रँकशाफ्ट यांची अजून जोडणी झालेली नसते. ही जोडणी क्लच करतो. ऑपरेटरने पेडल किंवा बटण दाबले की क्लच बसतो, क्रँकशाफ्ट एक फेरा घेतो, रॅम खाली जाऊन पत्र्यावर आपटतो आणि पुन्हा वर येतो. वरच्या टोकाला क्लच सुटतो आणि ब्रेक क्रँकशाफ्टला धरून ठेवतो.

यातून पहिली गोष्ट अशी निघते की रॅम वर शांत उभा असला तरी यंत्र चालू असते. मोटरचा आवाज येत आहे म्हणजे जोर तयार आहे आणि तो फक्त क्लचने अडवलेला आहे. मोटर बंद केल्यानंतरही फ्लायव्हील बराच वेळ फिरत राहते, काही प्रेसवर तर कित्येक मिनिटे, आणि त्या काळात चुकून पेडलवर पाय पडला तर एक पूर्ण फटका मारण्याइतका जोर त्यात शिल्लक असतो. परिपत्रकातील "यंत्र चालू असताना" या शब्दांचा अर्थ म्हणूनच असा घ्यायला हवा की फ्लायव्हील पूर्णपणे थांबलेले डोळ्यांनी दिसेपर्यंत प्रेस चालूच आहे. हिरवा दिवा विझणे किंवा मोटरचा आवाज थांबणे ही यंत्र बंद असल्याची खूण नव्हे.

दुसरी गोष्ट वेगाची आहे. मिनिटाला 40 फटके मारणारी प्रेस एका फेऱ्याला दीड सेकंद घेते, म्हणजे रॅमला वरून खाली यायला पाऊण सेकंद लागतो. एवढ्या वेळात हात काढता येईल असे नवीन मुलांना नेहमी वाटते आणि लक्ष पूर्णपणे रॅमवरच असेल तर कदाचित तो निघेलही. परंतु नजर ब्लँककडे असताना रॅम हलल्याचे लक्षात येणे, ते मेंदूला कळणे आणि हात मागे यायला सुरुवात होणे यातच पाव सेकंदाच्या आसपास वेळ जातो, आणि तो हातही डायच्या पिन, गाइड आणि पत्र्याच्या कडा यांतून वाट काढत बाहेर यावा लागतो. हाताच्या चपळाईवर उभी केलेली सुरक्षा दिवसातल्या हजारो फटक्यांपैकी एखाद्या फटक्याला अपुरी पडतेच. तो दोष कामगाराचा नसतो, काम तसे आखणाऱ्याचा असतो.

प्रेस अर्ध्यावर थांबते की नाही, हा मुख्य प्रश्न

सगळ्या मेकॅनिकल प्रेस बाहेरून सारख्या दिसल्या तरी क्लचच्या बाबतीत त्यांचे दोन प्रकार पडतात, आणि आपल्या प्रेसचा प्रकार माहीत नसलेल्या ऑपरेटरला उरलेले परिपत्रक समजणे शक्य नाही.

पहिला प्रकार की-क्लचचा. जुन्या आणि लहान प्रेसवर, विशेषतः छोट्या वर्कशॉपमध्ये, आजही हाच प्रकार सर्रास आढळतो. यात पेडल दाबल्यावर एक पोलादी की फ्लायव्हीलच्या खाचेत बसते आणि क्रँकशाफ्टला एक पूर्ण फेरा होईपर्यंत सोडत नाही. एकदा की बसली की पाय उचलून, लाल बटण दाबून किंवा मेन स्विच पाडूनही काही उपयोग होत नाही. रॅम खाली जाणार आणि फेरा पूर्ण करूनच वर येणार. दुसरा प्रकार हवेच्या दाबावर चालणाऱ्या फ्रिक्शन क्लचचा. यात हवा सोडली की क्लच सुटतो आणि ब्रेक लागतो, त्यामुळे रॅम अर्ध्या वाटेतही थांबवता येतो.

प्रकार ओळखणे अवघड नाही. पेडलपासून निघालेला दांडा किंवा साखळी सरळ क्रँकशाफ्टच्या टोकाजवळच्या खिटीपर्यंत जात असेल तर ती बहुतेक वेळा की-क्लचची प्रेस असते. क्लचकडे हवेची नळी जात असेल, जवळ दाब दाखवणारा गेज आणि व्हॉल्व्ह असेल तर ती फ्रिक्शन क्लचची असते. तरीही शंका राहिल्यास मेंटेनन्सला विचारावे, स्वतः प्रयोग करून पाहू नये.

हा फरक इतका महत्त्वाचा का आहे, ते एका उदाहरणाने लगेच लक्षात येईल. ग्राहक कंपनीचे ऑडिट येणार म्हणून काही ठिकाणी जुन्या की-क्लचच्या प्रेसपुढे लाइट कर्टन बसवलेले दिसते. लाइट कर्टन म्हणजे समोरासमोरच्या दोन खांबांमधील न दिसणाऱ्या प्रकाशाच्या रेषांचा पडदा. हाताने रेष तुटली की प्रेसला थांबण्याचा आदेश मिळतो. पण की-क्लचच्या प्रेसला अर्ध्या वाटेत थांबताच येत नाही, त्यामुळे तो आदेश पाळण्याची ताकदच त्या यंत्रात नसते. अशा प्रेसवरचा लाइट कर्टन कामगाराला खोटा भरवसा देतो आणि तो हात अधिक निर्धास्तपणे आत नेऊ लागतो. माझ्या मते पडदा नसलेली प्रेस परवडली, कारण तिथे माणूस निदान घाबरून तरी असतो.

की-क्लचच्या प्रेसवर उपाय एकच आणि तो जुनाच आहे: हात आत जाऊच शकणार नाही अशी रचना. डायभोवती चारही बाजूंनी पक्की जाळी किंवा पारदर्शक आवरण बसवायचे आणि ब्लँक आत सरकवण्यासाठी पत्र्याच्या जाडीपुरती फट ठेवायची. डायच्या जवळची ही फट 6 मिलिमीटरपेक्षा मोठी नसावी, म्हणजे बोट त्यातून आत जात नाही. ब्लँक आधीच वाकवलेला असेल आणि एवढ्या फटीतून जात नसेल तर सरकती डाय, चॅनेल किंवा घसरगुंडीसारखा फीडर लावून तो बाहेरूनच आत पोहोचवावा. चिमटा, चुंबकाची दांडी किंवा रबरी व्हॅक्यूम कप ही साधने चांगली आहेत, पण ती आवरणाच्या जोडीला वापरायची असतात. आवरण काढून हातात चिमटा देणे म्हणजे सुरक्षा पुन्हा हाताच्या सवयीवर सोडणे होय. हातमोज्यांबाबतही हाच गैरसमज आहे. ते पत्र्याच्या धारदार कडेपासून वाचवतात म्हणून घालावेत, मात्र रॅमखाली आलेल्या बोटाला त्यांचा काडीचाही उपयोग होत नाही.

एका फटक्याऐवजी दोन

प्रेस शॉपमध्ये ज्याला डबल स्ट्रोक म्हणतात तो प्रकार असा असतो. ऑपरेटर पेडल एकदाच दाबतो, पाय उचलतो, रॅम खाली जाऊन वर येतो, ऑपरेटर तयार जॉब काढण्यासाठी हात आत नेतो आणि रॅम न सांगता पुन्हा खाली येतो. अपघातानंतर कामगार "मी पेडल दाबलेच नव्हते" असे सांगतो तेव्हा त्याच्यावर सहसा कोणी विश्वास ठेवत नाही. यंत्राच्या दृष्टीने पाहिले तर त्याचे म्हणणे अगदी शक्य असते.

की-क्लचमध्ये फेरा संपताना कीला खाचेतून बाहेर काढणारी एक खिटी आणि त्या खिटीला जागेवर आणणारी एक स्प्रिंग असते. स्प्रिंग सैल झाली, कीचा कोपरा झिजून गोल झाला, खिटीत घट्ट झालेले ग्रीस आणि लोखंडी भुसा साचला तर की पूर्ण बाहेर येत नाही आणि फ्लायव्हीलच्या खाचेत पुन्हा अडकते. ब्रेकचे लायनिंग झिजले असेल किंवा त्यावर तेल उडाले असेल तर रॅम वर पोहोचल्यावर जागीच थांबत नाही, थोडा पुढे घरंगळतो, आणि तेथूनही दुसरा फटका बसू शकतो. हवेच्या क्लचमध्ये हवा बाहेर सोडणारा व्हॉल्व्ह अडकला तर असेच घडते. म्हणूनच चांगल्या प्रेसवर एकमेकांवर नजर ठेवणारे दोन व्हॉल्व्ह एकत्र बसवलेले असतात.

हा बिघाड क्वचितच अचानक येतो. तो येण्याआधी यंत्र काही खुणा दाखवते आणि त्या सर्वांत आधी ऑपरेटरलाच दिसतात, कारण तोच आठ तास तिच्यासमोर उभा असतो. क्रँकशाफ्टच्या टोकावर पांढऱ्या रंगाची एक खूण केलेली असावी. रॅम वर थांबला की ती खूण घड्याळातील बाराच्या जागी यायला हवी. ती बाराच्या पुढे सरकून साडेबाराच्या जागी थांबू लागली तर ब्रेक सैल झाला आहे. ती कधी बारावर, कधी त्याच्या पुढे अशी दर फटक्याला जागा बदलू लागली तर ते त्याहून वाईट. रॅम वर थांबल्यावर हळूच खाली उतरणे, क्लच सुटताना नेहमीच्या एका "खट्" ऐवजी दोन आवाज येणे, ब्रेकजवळ जळल्यासारखा वास येणे किंवा पेडल पायाला नेहमीपेक्षा सैल लागणे, यांतील एकही गोष्ट दिसली तरी काम तेथेच थांबवायचे. "शिफ्ट संपेपर्यंत चालवून घे, सकाळी बघू" हे वाक्य प्रेस शॉपमध्ये फार ऐकू येते, आणि सुपरवायझरने ते म्हणू नये हेही परिपत्रकात स्पष्ट लिहायला हवे.

दोन बटणे आणि प्रकाशाचा पडदा

फ्रिक्शन क्लच असलेल्या प्रेसवर दोन हातांची बटणे आणि लाइट कर्टन ही दोन्ही साधने खऱ्या अर्थाने काम करतात, मात्र ती बरोबर बसवलेली आणि रोज तपासलेली असली पाहिजेत.

दोन बटणांमागचा हेतू असा की रॅम खाली येत असताना दोन्ही हात बटणांवर गुंतलेले असावेत. एक बटण टेपने दाबून ठेवणे किंवा त्यात लाकडाचा तुकडा खोचून एका हाताने काम चालवणे ही चलाखी सगळ्यांनी पाहिलेली आहे. नीट बसवलेली यंत्रणा ती ओळखते: दोन्ही बटणे जवळजवळ एकाच क्षणी, म्हणजे अर्ध्या सेकंदाच्या आत दाबली गेली नाहीत तर रॅम हलत नाही, आणि पुढच्या फटक्याआधी दोन्ही बटणे सोडावीच लागतात. याची तपासणी कोणालाही करता येते. डाय रिकामी असताना एक बटण दाबून धरावे, मनात तीन आकडे मोजावेत आणि मग दुसरे दाबावे. रॅम खाली आला तर ती यंत्रणा सदोष आहे आणि त्या प्रेसवर काम सुरू करायचे नाही. एका प्रेसवर दोन माणसे असतील तर दोघांसाठी स्वतंत्र बटणांची जोडी हवी, कारण एकाने बटण दाबायचे आणि दुसऱ्याने जॉब ठेवायचा या पद्धतीत हेल्परच्या हातांना काहीच संरक्षण राहत नाही.

लाइट कर्टनच्या बाबतीत सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट त्याच्या अंतराची आहे. पडद्याची रेष तुटल्यापासून रॅम पूर्ण थांबेपर्यंत थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात हातही पुढे जात असतो. आंतरराष्ट्रीय मानकांत हाताचा वेग सेकंदाला 2 मीटरपर्यंत धरतात. समजा, बोट ओळखणारा पडदा बसवला आहे आणि प्रेसला थांबायला सगळे मिळून 0.2 सेकंद लागतात. 2 मीटर गुणिले 0.2 म्हणजे 40 सेंटिमीटर. पडदा डायपासून निदान एवढा दूर हवा. आता वर्षभराने ब्रेक झिजला आणि थांबण्याचा वेळ 0.24 सेकंद झाला, तर लागणारे अंतर 48 सेंटिमीटर होते. पडदा मात्र जुन्या जागेवरच, 40 सेंटिमीटरवर उभा आहे. त्याचा हिरवा दिवा लागतो, हात घातल्यावर प्रेस थांबतेही, आणि तरीही वेगाने आत गेलेला हात रॅम थांबण्याआधी डायपर्यंत पोहोचू शकतो. सगळे ठीक दिसत असताना संरक्षण 8 सेंटिमीटरने कमी झालेले असते. म्हणून थांबण्याचा वेळ ठरावीक काळाने यंत्र लावून मोजावा लागतो, आणि तो ब्रेकचे काम झाल्यावर तर मोजलाच पाहिजे.

यामुळे प्रत्येक प्रेसवर एक छोटी पाटी असावी असे मला वाटते. तिच्यावर क्लचचा प्रकार, शेवटचा मोजलेला थांबण्याचा वेळ व त्याची तारीख, पडद्याचे डायपासूनचे अंतर आणि पडदा बंद ठेवून प्रेस चालवू देणारी बायपासची चावी कोणाकडे आहे, एवढेच लिहावे. दाराजवळच्या दोन पानी परिपत्रकापेक्षा ही चार ओळींची पाटी ऑपरेटरच्या अधिक कामाची आहे. बायपासची चावी कधीही प्रेसच्या पॅनेलला लावून ठेवायची नाही. पडदा फक्त पुढची बाजू राखतो, हेही लक्षात ठेवावे. बाजूने आणि मागून हात जाणार नाही यासाठी तेथे पक्की जाळीच लागते.

जॉब अडकला तर

बोटे जाण्याचे बरेच अपघात नेहमीच्या फटक्यात होत नाहीत, काम अडल्यावर होतात. एक प्रसंग नीट डोळ्यांसमोर आणू. रात्रपाळी आहे, ब्रॅकेटचे काम चालले आहे आणि एक ब्रॅकेट रॅमला लावलेल्या वरच्या साच्याला, म्हणजे पंचला, चिकटून रॅमबरोबर वर गेला आहे. ऑपरेटरला तो दिसतो, बोटाने टिचकी मारली तर पडेल असेही दिसते, मागे ट्रॉलीवाला उभा आहे आणि तासाचे टार्गेट अर्धे झाले आहे. फलकावरचे परिपत्रक या क्षणासाठी "योग्य खबरदारी घ्यावी" एवढेच सांगते.

प्रत्यक्षात करायचे ते असे. पाय पेडलपासून पूर्णपणे मागे घ्यावा. पेडलला वरून आणि दोन्ही बाजूंनी झाकणारे आवरण असलेच पाहिजे, नाहीतर वरून पडलेला जॉबही पेडल दाबू शकतो. मोटर बंद करावी आणि फ्लायव्हील थांबेपर्यंत हात बांधून उभे राहावे. हा थांबण्याचा वेळ अंगावर येतो हे खरे आहे, आणि म्हणूनच तो तासाच्या उत्पादनातून वजा करण्याची सूचना परिपत्रकात लेखी असली पाहिजे. ती नसेल तर कोणीही थांबणार नाही. फ्लायव्हील थांबल्यावर रॅम आणि खालची डाय यांच्यामध्ये सेफ्टी ब्लॉक उभा करावा. हा ब्लॉक रॅम आणि वरच्या डायचे वजन पेलेल असा, त्या प्रेससाठीच केलेला धातूचा ठोकळा असतो. हाताशी आलेला लाकडाचा तुकडा किंवा उभा धरलेला पाना त्याचे काम करू शकत नाही. ब्लॉक बसल्यानंतर पितळी दांडी किंवा चिमट्याने जॉब काढावा. तोच जॉब तासात पुन्हा अडकला तर प्रश्न डायचा आहे: पंचाची धार गेली असेल, पंचावरून पत्रा सोडवणारा स्ट्रिपर सैल झाला असेल किंवा पत्र्यावर तेल कमी पडत असेल. अशा वेळी टूलरूमला बोलवावे, पुनःपुन्हा हाताने सोडवत बसू नये.

डाय बदलताना किंवा दुरुस्ती करताना ब्लॉकच्या जोडीला कुलूपही लागते. मेन स्विच खाली पाडून त्याला प्रत्येक काम करणाऱ्याने स्वतःचे कुलूप लावायचे, नावाचा टॅग अडकवायचा आणि चावी स्वतःच्या खिशात ठेवायची. हवेचा क्लच असेल तर हवेची लाइन बंद करून आत उरलेली हवा सोडून द्यायची आणि गेजचा काटा शून्यावर आल्याचे पाहायचे, कारण वीज बंद असली तरी साठलेली हवा रॅम हलवू शकते. त्यानंतर एकदा चालू करण्याचे बटण दाबून पाहायचे. काहीही हलले नाही तरच हात आत न्यायचा. दोघे काम करत असतील तर कुलपेही दोन हवीत, म्हणजे एकाचे काम संपले तरी दुसऱ्याचा हात आत असताना प्रेस सुरू होऊ शकत नाही. ज्याचे कुलूप त्यानेच काढायचे. शिफ्ट बदलली असली तरी पुढच्या माणसाने आधी आपले कुलूप लावायचे आणि मग पहिल्याने आपले काढायचे.

अपघात झालाच तर

हात डायमध्ये अडकलेला असेल तर घाबरून रॅम वर घेण्यासाठी बटण किंवा पेडल दाबू नये, कारण प्रेस आधी खाली जाऊन पूर्ण फेरा घेऊ शकते. मोटर बंद करावी, फ्लायव्हील थांबू द्यावे आणि रॅम हाताने फिरवून वर घेण्याचे काम प्रशिक्षित डाय सेटरनेच करावे. प्रत्येक पाळीत असा एक तरी माणूस हजर असला पाहिजे, रात्रपाळीतही.

बोट तुटले असेल तर जखमेवर स्वच्छ कापड घट्ट दाबून हात छातीच्या वर धरावा. तुटलेला भाग स्वच्छ ओलसर गॉजमध्ये गुंडाळून प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावा, पिशवीचे तोंड बंद करावे आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. तो भाग थेट बर्फावर ठेवू नये, पाण्यात बुडवू नये. तसे केल्यास पेशी खराब होतात आणि बोट पुन्हा जोडण्याची शक्यता कमी होते. बोट जोडण्याची सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते, हे परिपत्रकात आधीच लिहिलेले असावे, म्हणजे ऐनवेळी दोन ठिकाणी फिरण्यात वेळ जाणार नाही.

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा असला तरी पुढची कित्येक वर्षे त्यावर अवलंबून असतात. राज्य कामगार विमा योजनेत नोंद असलेल्या कामगाराला कामावरील दुखापतीमुळे रजा घ्यावी लागली तर त्या काळात सरासरी दैनिक वेतनाच्या 90 टक्के दराने लाभ मिळतो. कायमचे अपंगत्व आल्यास कमाईची क्षमता किती टक्के गेली यावर दरमहा मिळणारी रक्कम ठरते. कायद्याच्या परिशिष्टात पूर्ण अंगठा गेल्यास 30 टक्के आणि पूर्ण तर्जनी गेल्यास 14 टक्के असे आकडे दिलेले आहेत. यासाठी अपघाताची नोंद कारखान्याच्या अपघात नोंदवहीत त्याच दिवशी झाली पाहिजे आणि तीत प्रेसचा क्रमांक, वेळ व घडलेली हकीकत खरी लिहिलेली असली पाहिजे. "घरी दरवाजात बोट सापडले" असे रुग्णालयात सांगायला कोणी सुचवले तर ते मान्य करू नये, कारण त्या एका वाक्याने कामावरील दुखापतीचा हक्क जाऊ शकतो. कंत्राटदारामार्फत आलेल्या कामगाराने आपला विमा क्रमांक कामाच्या पहिल्याच दिवशी मागून घ्यावा.

कायद्याची बाजूही परिपत्रकात दोन्हीकडून यायला हवी. यंत्राच्या धोकादायक भागाला पक्के संरक्षण घालण्याची जबाबदारी 1948 च्या कारखाने अधिनियमाच्या कलम 21 ने मालकावर टाकली होती आणि कामगारानेही ते संरक्षण काढू किंवा बिघडवू नये असे त्याच अधिनियमात सांगितले होते. 2020 च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतही हे दोन्ही मुद्दे आहेत. त्याखेरीज गंभीर इजा होण्याचा धोका समोर दिसत असेल तर कामगाराने तो मालकाच्या किंवा सुरक्षा समितीच्या आणि निरीक्षकाच्याही निदर्शनास आणावा आणि मालकाने लगेच उपाय करावा, असेही या संहितेत आहे. बहुतेक फलकांवर यातील फक्त कामगाराच्या कर्तव्याचा अर्धा भाग छापलेला असतो.

डबल स्ट्रोक झाला पण कोणाला लागले नाही, अशा वेळीही त्याच पद्धतीने नोंद करावी: प्रेस क्रमांक, डाय क्रमांक, वेळ, क्रँकशाफ्टवरची खूण कुठे थांबत होती, आवाज कसा आला. त्या प्रेसला लाल टॅग लावावा आणि खिटीची स्प्रिंग किंवा ब्रेकचे लायनिंग बदलून, रिकाम्या डायवर पुरेसे फटके मारून खूण प्रत्येक वेळी बाराच्याच जागी थांबते हे पाहून, मेंटेनन्स आणि त्या पाळीचा ऑपरेटर अशा दोघांनी सही केल्यावरच तो टॅग काढावा.